फुलं इकडे, नारळ तिकडे: मंदिरात दोन डबे लावायचे तर पाटी काय लिहायची, कुठे लावायची अन् पुढे त्या मालाचं काय करायचं

आमच्या वस्तीतल्या हनुमान मंदिरात मी पहिली पाटी लावली ती पार फसली, म्हणून तिथूनच सुरू करतो. ए-फोर कागदावर प्रिंट काढून लॅमिनेशन करून आणलं होतं, वर लाल अक्षरात "कचरा वेगवेगळा टाका", खाली "आदेशावरून, मंदिर समिती". दाराजवळच्या खांबावर चिकटवली अन् खाली दोन डबे ठेवले, एक हिरवा एक निळा. शनिवारी रात्री फुलांचा डबा उपडा केला तर आत नारळाच्या चौदा वाट्या, गाठ मारलेल्या तीन पन्न्या, एक फुटकी तसबीर अन् कापराची रिकामी पाकिटं. नारळाच्या डब्यात झेंडूचे हार. झाडणाऱ्या मावशी हसून म्हणाल्या, "भाऊ, दारात लोकं चप्पल काढून राहिले, घंटी वाजवून राहिले, तुमची पाटी कोण वाचते?" अन् एका आजोबांनी तर मलाच धरलं, "काहून हो, देवाचं फूल कचऱ्यात टाकायला सांगता का?"

दोघंही बरोबर होते. पुढच्या दोन-तीन महिन्यांत पाटी तीनदा बदलली, डबे चारदा हलवले, तेव्हा कुठे बसलं. आता तुमच्या मंदिरात हे करायचं असेल तर खालच्या क्रमाने करा, माझ्यासारखं उलटं नको.

आधी हे समजून घ्या की वेगळं करायचं कशासाठी

लोक विचारतात की दोन्ही निसर्गाचंच ना, मग एकाच खड्ड्यात टाकलं तर बिघडलं कुठे. बिघडतं ते वेळेत. झेंडू, शेवंती, गुलाब यांच्यात पाणीच जास्त, नागपूरच्या एप्रिलमध्ये डब्यात दाबून ठेवले तर दुसऱ्या दिवशी खालून काळं पाणी सुटते, अन् नीट रचले तर दोन-तीन महिन्यांत खत होऊन जाते. नारळाच्या शेंडीत अन् करवंटीत लिग्निन नावाचा चिवट पदार्थ भरलेला असतो, लाकडाला कडकपणा देतो तोच. शेंडी कुजायला वर्ष-दीड वर्षही पुरत नाही, अन् करवंटी तर खड्ड्यात तशीच पडून राहते. म्हणजे एकत्र टाकलं तर खत तयार झालं तरी ते काढता येत नाही, फावडं मारलं की करवंटीवर खणकन आवाज येते अन् हाताला झटका.

दुसरी गोष्ट, करवंटीला आत खोबरं चिकटलेलं राहते. तेवढ्यावर मुंग्या येतात, मग उंदीर, अन् मग फुलांच्या ढिगात बिळं. आणि तिसरी, जी मला सगळ्यात जास्त खटकते, पावसाळ्यात उताणी पडलेली करवंटी म्हणजे डेंग्यूच्या डासाची वाटीच. चमचाभर पाणी साचलं तरी त्याला पुरते, अन् अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस. फुलांच्या ढिगावर अशा वीस वाट्या पसरल्या की विचार करा.

पहिलं काम: एक शनिवार नुसतं बसून बघा

डबे विकत आणायच्या आधी एक शनिवार संध्याकाळी पाच ते नऊ मंदिरात बसा अन् लोकांचा हात कुठे रिकामा होते ते बघा. मी बसलो तेव्हा कळलं की माल तीन वाटांनी येतो अन् मी एकाच वाटेवर डबे ठेवले होते.

नारळ फुटते दगडावर. तिथेच माणूस शेंडी ओढून काढते, दगडावर आपटते, पाणी सांडते, एक वाटी देवाजवळ अन् एक घरी. शेंड्या अन् फुटके तुकडे तिथेच पायाशी पडतात. त्यामुळे नारळाचा डबा दगडापासून दोन पावलांवर पाहिजे, दारात नको. दाराशी येईपर्यंत त्याच्या हातात प्रसाद अन् चप्पल असते, तो कशाला मागे फिरेल.

दुसरी वाट घरचं निर्माल्य. सोमवारी-मंगळवारी ऑफिसला जाता जाता लोक आठवडाभराचं देवघरातलं सुकलेलं निर्माल्य पन्नीत बांधून आणतात अन् आत न येताच पिंपळाखाली ठेवून जातात, गाडी सुरूच असते. ह्या माणसासाठी फुलांची टोपली फाटकाजवळ, गाडीवरून उतरून चार पावलांत पोचता येईल अशी पाहिजे.

तिसरी वाट पुजाऱ्याची, अन् खरं सांगतो, सगळ्यात जास्त फूल तिथून येते. रोज पहाटे मूर्तीवरचे हार उतरतात, रुईच्या पानांच्या माळा, तुळस, श्रावणात बेल. भक्तांना कितीही पाट्या लावा, महाराज ते सगळं झाडूने नारळाच्या तुकड्यांसकट एकाच घमेल्यात भरत असतील तर तुमची मेहनत पाण्यात. त्यामुळे पाटी लावायच्या आधी महाराजांसोबत चहा घ्या. आमच्या महाराजांची एकच अट होती की टोपली जमिनीवर नको अन् चपलांच्या रांगेत नको. मानली. आता तेच लोकांना ओरडून सांगतात.

डबे कसे असावे

फुलांसाठी झाकणाचा प्लास्टिक ड्रम घेऊ नका. मी घेतला होता, छान दिसत होता, मे महिन्यात तिसऱ्या दिवशी झाकण उघडलं अन् पाठीमागची रांग दोन पावलं मागे सरली. हवा नाही मिळाली की फुलं आंबतात. बांबूची टोपली किंवा भाजीवाल्यांकडे असते ती जाळीची प्लास्टिक क्रेट, तळाशी दोन बोटं वाळलेला पाला, आतून पन्नी अजिबात लावायची नाही. दोन फूट उंच विटांच्या ओट्यावर ठेवली, ओट्याला चुना मारला, अन् आजोबांचा "देवाचं फूल कचऱ्यात" वाला राग तिथेच मिटला.

नारळासाठी वजन सहन करणारा अन् तोंड मोठं असलेला डबा लागते, कारण लोक वाटी टाकत नाहीत, फेकतात. आम्ही लोखंडी जाळीचा पिंजराच वेल्डिंगवाल्याकडून करून घेतला, दोन फूट बाय दोन फूट, खालून चार बोटं उचललेला, म्हणजे पाणी साचत नाही. जाळी असल्यामुळे आत काय आहे ते बाहेरून दिसते, अन् हे पाटीपेक्षा जास्त काम करते. आत नारळच नारळ दिसले की माणूस हार टाकत नाही. म्हणून रोज सकाळी दोन्हीकडे थोडा आदल्या दिवशीचा माल तसाच राहू द्या, एकदम रिकामं करू नका, रिकाम्या डब्यात पहिला माणूस चुकला की मागचे दहा त्याच्याच मागे जातात.

एक आयडिया फसलेली सांगून ठेवतो. फुलांच्या टोपलीवर प्लायवूडचं झाकण अन् त्याला साडेतीन इंची भोक, म्हणजे नारळ जाणारच नाही, असं मला वाटलं होतं. नारळ नाही गेला, पण हारही नाही गेला, लोक झाकणावरच हार ठेवून नमस्कार करून निघून गेले, अन् थोड्या वेळात त्या झाकणावर कोणीतरी उदबत्ती लावली.

तिसरी वस्तू म्हणजे एक खिळा. खरंच, फुलांच्या टोपलीजवळ डोक्याच्या उंचीवर एक मोठा आकडा अन् त्याला पोतं, रिकाम्या पन्नीसाठी. दोन डब्यांची पाटी लावली अन् पन्नीला जागाच नाही दिली तर पन्नी फुलांतच जाणार.

आता पाटी

मोठा फ्लेक्स नको. दोन छोट्या पाट्या, ज्या डब्याची त्या डब्याच्या अगदी वर, डोळ्याच्या उंचीला. अक्षराचा हिशोब सोपा आहे, दहा फुटांवरून वाचायचं तर अक्षर कमीत कमी एक इंच उंच. कागदी लॅमिनेशन उन्हाने दोन महिन्यांत पिवळं पडते, पत्र्यावर ऑइल पेंटने पेंटरकडून लिहून घ्या, अन् शब्दांपेक्षा मोठं एक चित्र काढायला सांगा, इकडे झेंडू तिकडे फुटलेला नारळ, कारण अर्धे लोक चष्मा घरी ठेवून येतात.

"कचरा" शब्द वापरायचा नाही. हे मी आजोबांकडून शिकलो. निर्माल्य म्हणा. गणपती विसर्जनाला फुटाळा तलावावर निर्माल्य वेगळं जमा करायला लागले तेव्हापासून लोकांना शब्द अन् सवय दोन्ही माहीत आहे. "सक्त मनाई", "दंड", "आदेशावरून" हेही काढा, देवळात आलेला माणूस आधीच काहीतरी टेन्शन घेऊन आलेला असते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, फुलाचं पुढे काय होते ते एका ओळीत लिहा. लोक पाण्यात सोडतात ते यासाठी की ते पायाखाली येऊ नये. ते झाडाला जाते हे कळलं की बहुतेकांची ना नसते.

आमच्याकडे आता टोपलीवर हे आहे:

> 🌼 फुलं, हार, पानं इथे ठेवा
> पन्नी काढून बाजूच्या आकड्याला लावा
> याचं खत होऊन मंदिरातल्या बेलाला अन् तुळशीला जाते
> धन्यवाद जी 🙏

अन् नारळाच्या पिंजऱ्यावर:

> 🥥 शेंडी अन् करवंटी इथे
> खोबरं घरी न्या, प्रसाद आहे
> (नारियल का छिलका यहाँ, फूल गेट के पास)

हिंदीची ओळ मुद्दाम. नागपूर आहे, मंदिरात निम्मे लोक हिंदीत बोलतात, अन् "फूल गेट के पास" लिहिल्यामुळे चुकीच्या डब्यासमोर उभ्या माणसाला दुसरा डबा कुठे ते लगेच कळते. ही एक ओळ टाकल्यावर पिंजऱ्यातले हार जवळपास बंद झाले. पहिल्या पाटीत मी फक्त काय करू नका ते लिहिलं होतं, मग हार हातात घेऊन माणूस जाणार कुठे.

पाटी लावल्यावर पहिले दोन शनिवार अन् एक मंगळवार कोणीतरी डब्याजवळ उभं राहा. टोकायचं नाही, फक्त "काकू, फुलं इकडे द्या ना, पन्नी मी काढतो" एवढंच. आमच्याकडे दहावीतल्या दोन पोट्ट्यांनी हे केलं, त्यांना बघून बायका स्वतःच नातवंडांना शिकवायला लागल्या.

अन् दारातल्या फुलवाल्या काकूंना विसरू नका. हार नायलॉनच्या दोऱ्यात अन् जरीत ओवलेला असेल तर तुमच्या खतात तो दोरा शेवटपर्यंत तसाच राहणार, तुळशीच्या मुळाला गुंडाळलेला निघतो. आम्ही काकूंना सुती दोऱ्याची रिळं समितीच्या पैशातून आणून दिली अन् पन्नीऐवजी पळसाच्या पानाचा द्रोण. द्रोण नेहमी मिळत नाहीत, मग त्या वर्तमानपत्रात देतात, तेही चालते.

फुलांचं खत, एका छोट्या मंदिराच्या हिशोबाने

आमच्याकडे शनिवारी दोन टोपल्या भरतात, मंगळवारी एक, बाकी दिवस मिळून एक. टोपली साधारण पन्नास लिटरची, म्हणजे आठवड्याला दोनशे लिटर सैल फुलं. ऐकायला खूप वाटते पण फुलं बसतात फार, आठ दिवसांत ढीग तिसऱ्या हिश्श्यावर येतो. तीन फूट लांब, तीन रुंद, तीन उंच हौद घेतला तर साडेसातशे लिटरच्या वर जागा होते, अन् पाला-माती धरून तो भरायला आम्हाला सात-आठ आठवडे लागतात. म्हणून असे दोन हौद शेजारी शेजारी, एक भरत असते तोवर दुसरा पिकते.

हौद विटांचा, पण भिंतीत मध्ये मध्ये वीट सोडून भोकं ठेवायची. ही काही माझी अक्कल नाही, आपल्या विदर्भातल्याच पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे, नाडेप काका, यांनी शेतकऱ्यांसाठी काढलेली पद्धत आहे, आपण फक्त लहान करतो. भोकांतून हवा गेली की वास येत नाही, सगळा खेळ तेवढाच.

टोपली आणली की आधी ताडपत्रीवर ओता अन् पाच मिनिटं निवडा. दोरे कापून ओढून काढा, स्टेपलच्या पिना, जरी, रबर, काडेपेटी, कापराची पाकिटं बाजूला. लिंबू चालते. तेलाने ओथंबलेल्या वाती अन् शेंदूर लागलेली फुलं नको, आम्ही ती वेगळी ठेवतो. शेंदरात शिसं असू शकते, अन् तुळस लोक तोंडात टाकतात. रुईची पानं जाड अन् चिकाची, तशीच टाकली तर थरावर प्लास्टिकसारखी बसतात, माळ कोयत्याने चार ठिकाणी तोडून पसरा.

मग वीतभर फुलांचा थर, त्यावर चार बोटं वाळलेला पाला, त्यावर बादलीभर पाण्यात घमेल्याचा चौथा भाग शेण कालवून शिंपडायचं, अन् वरून मूठ-मूठ माती. पाला कमी करू नका, फुलं ओली असतात, पाला तो ओलावा पितो अन् मध्ये हवा ठेवतो. मार्च-एप्रिलमध्ये रस्त्यावर पाल्याचा सडा असते, तेव्हाच दहा-बारा पोती भरून ठेवा, पावसाळ्यात वाळलेला पाला शोधून मिळत नाही.

ओलावा बघायला आतलं मूठभर घेऊन पिळा. बोटांमधून एक-दोन थेंब आले तर बरोबर, धार लागली तर पाला टाका, अन् मूठ उघडल्यावर भुगाच होऊन पडला तर पाणी मारा. मे महिन्यात एक दिवसाआड पाणी लागते, जुलैत वर पत्रा. दर आठ-दहा दिवसांनी सब्बलने चार-पाच ठिकाणी खोल भोकं पाडा. आत हात घातला तर गरम लागला पाहिजे, गार लागला अन् फुलं तशीच दिसली तर शेण-पाणी कमी पडलं. आंबट किंवा नाल्यासारखा वास आला तर ओलं जास्त झालं, सगळं उपसून पाल्यासकट परत भरा, अर्ध्या तासाचं काम आहे. चिलटं घोंगावली तर वरचा थर उघडा राहिला आहे, दोन इंच माती टाका, दोन दिवसांत जातात.

हौद भरल्यावर दोन महिने झाकून ठेवा. झेंडू ओळखू आला नाही, हाताला गार लागलं अन् पहिल्या पावसासारखा वास आला की चाळणीतून काढा. वर उरलेलं, देठं-बिठं, पुढच्या हौदात.

नारळाचं काय

दगडाखाली आम्ही सिमेंटचा छोटा उतार करून नारळाचं पाणी बादलीत घेतो. उन्हाळ्यात दुपारपर्यंत ते आंबते, त्यामुळे रोज संध्याकाळी दहापट साधं पाणी घालून हौदावर ओतून टाकायचं.

पिंजऱ्यातली एकही वाटी तीन दिवसांच्या वर राहायला नको, पावसाळ्यात तर यात सूटच नाही, डासांचं वर सांगितलं ना. शेंड्या एका पोत्यात, करवंट्या दुसऱ्यात. करवंटीतलं खोबरं चमच्याने खरवडून काढा, दोन दिवस उन्हात पालथ्या वाळवा, मग पोत्यात भरून छताखाली. वाळलेली करवंटी फार जोरात जळते, आमच्याकडे दोन-तीन घरी अजून पाणी तापवायचा बंब आहे, हिवाळ्यात ती माणसं स्वतः येऊन पोती घेऊन जातात. मंदिराच्या आवारात मात्र जाळायची नाही, सुरुवातीचा धूर डोळ्यात जाते.

शेंड्या कोयत्याने दोन-दोन इंचाच्या करा, कुंड्यांच्या तळाला अन् झाडांच्या आळ्यात पसरा, उन्हाळ्यात माती वाळत नाही. फुलांच्या हौदात पाला कमी पडला तर थोड्या चालतात, पण पाल्याच्या चौथ्या हिश्श्याच्या वर नको, अन् त्या चाळणीत जशाच्या तशा वर येणार हे धरूनच चाला. अख्ख्या शेंड्या टाकल्या तर सब्बल आत जातच नाही, गुंता होते.

हनुमान जयंती अन् नवरात्रात मात्र ह्या दोन हौदांचं काही चालत नाही. त्या दिवसांसाठी आम्ही आठ जास्तीच्या क्रेट भाड्याने घेतो, नारळाच्या दगडाजवळ दोन माणसं पूर्णवेळ, अन् फुलं हौदात न टाकता मागच्या गच्चीवर ताडपत्रीवर एक थर पसरवून सुकवतो. नागपूरच्या चैत्राच्या उन्हात ती दोन दिवसांत कागदासारखी होतात, एक टोपली उरते तिथे चार होत्या, अन् मग ती पोत्यात भरून पुढच्या दोन-तीन महिन्यांत पाल्याच्या जागी हळूहळू वापरतो. गेल्या वेळी रात्री वारा सुटला अन् अर्धी फुलं शेजारच्या अंगणात उडाली, आता चारी कोपऱ्यांवर नारळाच्या करवंट्यांची भरलेली पोती ठेवतो.